लग्नाला येता येणार नाही हे काका-काकूंना मराठीत आणि डच नवरदेवाला इंग्लिशमध्ये कसं कळवायचं?

पावसाळी_चप्पल

मंडळी, जरा मदत हवीये. माझी जुनी टीममेट सई (नावं बदललीयेत) नेदरलँड्सला गेली आणि तिकडच्याच आमच्या ऑफिसातल्या एकाशी तिचं लग्न ठरलंय. त्याला आपण बास म्हणू. म्हणजे नवरी मैत्रीण आणि नवरदेव कलीग. बासबरोबर माझे दर आठवड्याला कॉल असतात, सो तोही काही परका नाही.

लग्न नाशिकला आहे, डिसेंबरातल्या एका रविवारी, आणि नेमकं त्याच दिवशी माझ्या सासूबाईंचं वर्षश्राद्ध आहे. घरातली मोठी सून मीच. त्यामुळे जाता येणार नाही हे पक्कंच आहे, त्यावर चर्चा नको. प्रश्न आहे कळवायचं कसं. सईचे आईबाबा पुण्याला स्वतः घरी येऊन अक्षत आणि पत्रिका देऊन गेले, तेव्हा तिथीची तारीख आम्ही काढलेली नव्हती म्हणून मी हो हो नक्की म्हणून बसले. बासने वेगळी ऑनलाइन पत्रिका पाठवलीये, त्यात येणार की नाही ते अमुक तारखेपर्यंत कळवा असं बटण आहे.

काकांसाठी हे लिहिलंय: "आदरणीय काका, आपले निमंत्रण मिळाले. परंतु काही अपरिहार्य कारणास्तव मी विवाहसोहळ्यास उपस्थित राहू शकत नाही. तरी क्षमस्व."

आणि बाससाठी "आय रिग्रेट टु इन्फॉर्म यू दॅट ड्यू टु सम पर्सनल रीझन्स..." अशी सुरुवात केलीये आणि तिथेच अडकलेय.

---

वाढपी

काकांना पाठवायचा मेसेज वाचून आधी वाटलं हा रजेचा अर्ज आहे :D क्षमस्वच्या खाली आपला विश्वासू टाकायचं राहिलं फक्त.

---

तर्कटराव

तुमच्याकडे सुतक आहे ना, मग एवढा विचार कशाला करताय. सुतक असलेल्या घरातलं कोणी मंगलकार्याला जातच नाही, वर्षभर जात नाहीत. एका ओळीत लिहा की आमच्याकडे सुतक आहे, समोरचा पुढे एक शब्द विचारणार नाही. मराठी माणसाला हे कारण लगेच कळतं.

---

ओसरीवरून

तर्कटराव, अर्धं बरोबर बोललात. सुतक दहा दिवसांचं, तेरावं-चौदावं झालं की ते संपतं. वर्ष पूर्ण होईपर्यंत मंगलकार्याला जायचं नाही हा पुष्कळ घरांचा रिवाज आहे खरा, पण ते सुतक नव्हे, आणि सगळी घरं पाळतात असंही नाही. हिनं "सुतक आहे" लिहिलं तर काकू घाबऱ्याघुबऱ्या होऊन फोन करतील की आता कोण गेलं.

आणि दुसरं म्हणजे लग्नघरी जाणाऱ्या कागदावर सुतक, श्राद्ध, आजारपण असलं काही लिहू नये. मी अंधश्रद्धा म्हणून सांगत नाहीये. तो मेसेज काकू एकट्या वाचणार नाहीत, घरात चार पाहुणे उतरलेले असतील, कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवेल, आणि हळदीची तयारी चाललेली असताना श्राद्धाचं नाव निघालं की एखादी आत्या तोंड वाकडं करणारच. कारण सांगायचं ते फोनवर, काकूंना एकटीला. त्यांना तुमच्या सासूबाई गेल्याचं माहीतच असणार, तिथी त्या दिवशी आली एवढं म्हटलं तरी पुरे. लेखी मेसेजमध्ये मात्र "सासरी घरचं कार्य आहे" इतकंच. श्राद्धालाही आपण कार्यच म्हणतो, त्यामुळे खोटंही पडत नाही.

---

चिंचगुळ

अगदी रिलेट झालं!! आमच्या चुलतभावाने रजिस्टर लग्न केलं आणि नंतर रिसेप्शनला फक्त निवडक लोकांना बोलावलं, आम्हाला घरातल्या घरात असून बोलावलं नाही, आणि आता सगळे म्हणतात तुम्ही राग धरू नका. मी म्हणते बोलवायचं नव्हतं तर तसं स्पष्ट कळवायचं ना, निदान एक मेसेज. तर तुम्ही पण पावसाळी, ज्यांना बोलवायचं नाही त्यांना नीट फोन करून सांगा.

---

पावसाळी_चप्पल

@चिंचगुळ अगं लग्न माझं नाहीये, मला बोलावलंय आणि मलाच जाता येत नाहीये.

@ओसरीवरून हे फोनचं पटलं. पण खरं सांगू का, फोनचीच भीती वाटतेय. काका फार आग्रही आहेत, सईबरोबर त्यांच्याकडे दिवाळीला राहिले होते तेव्हापासून मला लेकच मानतात. ते म्हणणार "ते काही नाही, सकाळी कार्य उरका आणि संध्याकाळपर्यंत पोचा". आणि मग माझ्या तोंडून "बघते, प्रयत्न करते" निघणार. त्यापेक्षा मेसेज टाकून मोकळं व्हावं असं वाटतं.

---

वाढपी

आता जरा सीरियसली लिहितो, कारण माझा धंदाच केटरिंगचा आहे. "बघते" म्हणालात की यजमान तुम्हाला येणाऱ्यातच धरतो हे लक्षात घ्या. साधारण आठवडाभर आधी आम्ही यजमानाकडून पानांचा आकडा घेतो, शेवटचा आकडा दोनतीन दिवस आधी पक्का करतो, त्यानंतर कमी केला तरी बिल कमी होत नाही कारण तोवर भाजी-दूध-खवा सगळं उचललेलं असतं. यजमान त्या यादीवर पेन घेऊन बसतो तेव्हा नाही म्हणणारे मोजकेच निघतात, बाकी सगळे "बघतो"वाले, आणि त्यांना तो हो मध्येच धरतो कारण पान कमी पडण्याची भीती जास्त असते.

बरं दोन पानांनी काही बिघडत नाही, ते जाऊ दे. पण नाशिकला बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी खोल्या घेतल्या असतील तर तुमच्या नावाने एक खोली अडकून पडते. ती काकांच्या खिशातून जाते. त्यामुळे आग्रह झाला तरी नाहीच म्हणा, फक्त गोड आवाजात.

---

ओसरीवरून

आग्रहाचं कसं असतं, पहिला आग्रह हा रिवाज असतो. काका तो करणारच, नाही केला तर तुम्हालाच वाईट वाटेल. त्याला लगेच कारणांची यादी देऊन उत्तर द्यायचं नाही. जितकी कारणं सांगाल तितके ते मार्ग सुचवतील, सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी, कोणाच्या तरी कारमध्ये जागा आहे. कारण एकदाच सांगायचं आणि दुसऱ्यांदा आग्रह झाला की कारण सोडून माणसांवर यायचं: "काका, तुम्ही म्हणताय म्हणून मला अजूनच चुटपुट लागतेय, पण त्या दिवशी मला घर सोडता यायचं नाही. सईला नवरी म्हणून बघायचं राहिलं, मुहूर्ताला मला व्हिडिओवर घ्या, मी इथून अक्षता टाकते." बहुतेक माणसं इथे विरघळतात. तिसऱ्यांदा म्हणालेच तर फोन काकूंकडे द्यायला सांगा :)

आणि मेसेज टाकून मोकळं होण्याबद्दल. ज्यांनी नुसती व्हॉट्सॅपवर पत्रिका फॉरवर्ड केली त्यांना व्हॉट्सॅपवर उत्तर चालतं. जे दाराशी येऊन अक्षत देऊन गेले त्यांना आधी फोन, मग मेसेज. मेसेज अशासाठी की फोनवरचं लग्नाच्या गडबडीत कोणाच्या लक्षात राहत नाही.

---

तर्कटराव

बरं सुतक नव्हे तर नव्हे. पण मग वर्षश्राद्ध एक दिवस अलीकडे घ्या की. आमच्याकडे घरात लग्न होतं तेव्हा आधीच उरकून घेतलं होतं गुरुजींना विचारून.

---

ओसरीवरून

ते स्वतःच्या घरात मंगलकार्य असलं तर काही ठिकाणी करतात, गुरुजी सांगतील तसं. मैत्रिणीच्या लग्नासाठी सासूबाईंची तिथी हलवा म्हणून ही कोणत्या तोंडानं सासऱ्यांना सांगेल? शिवाय तिनं पहिल्याच पोस्टमध्ये म्हटलंय की जाता येणार नाही त्यावर चर्चा नको.

---

हलगीवाला

आणखी एक आयडिया, लग्नाला जाता येत नसेल तर आधी केळवण करून टाका. सई लग्नाच्या आधी पुण्याला येईलच ना खरेदीला. घरी जेवायला बोलवा, साडी द्या, ओवाळा, विषय संपला. "लग्नाला येता येत नाही म्हणून केळवणाला या" यापेक्षा छान नकार नाही. मी तर म्हणतो त्या बासलाही बोलवा, पाटावर बसवा :D

---

ओसरीवरून

एरवी हेच म्हटलं असतं. पण यांच्या घरी वर्ष पूर्ण व्हायचंय. सासरच्यांचं काय मत आहे ते बघायला हवं, आणि सईच्या आजी वगैरे असतील तर त्यांनाही चालेल की नाही कोण जाणे, नवरीला अशा घरी केळवणाला पाठवत नाहीत असं मानणारे अजून आहेत. थेट निमंत्रण दिलंत आणि त्यांना नाही म्हणावं लागलं तर एका नकाराच्या जागी दोन नकार होऊन बसतील. त्यापेक्षा वर्षश्राद्ध आणि लग्न दोन्ही पार पडू दे, मग जोडीनं जेवायला बोलवा. परदेशी परत जायच्या आधी चारदोन दिवस असतीलच.

---

हलगीवाला

मला नाही पटत हे. ज्या बाईने मुलीच्या मैत्रिणीला घरी ठेवून घेतलं ती काकू असलं मानणारी वाटत नाही. विचारायला काय हरकत आहे?

---

ओसरीवरून

विचारा की, सईला विचारा, काकूंना नको. मैत्रीण मैत्रिणीला नाही म्हणू शकते.

---

सायकलवाली

मी नेदरलँड्सला राहते म्हणून बासच्या बाजूने लिहिते. इकडे लग्नाची बोलावणी मोजून असतात, पूर्ण दिवसाचे पाहुणे वेगळे आणि फक्त संध्याकाळच्या पार्टीचे वेगळे, पत्रिकेवरच लिहिलेलं असतं. दिवसभराच्या यादीत असणं म्हणजे जवळचं माणूस असणं. त्याचं लग्न नाशिकला हजार लोकांत होत असलं तरी त्याच्या डोक्यात हिशोब इकडचा असणार, म्हणून तो बटण दाबायला सांगतोय. आधी ते बटण दाब. तुझ्या मेसेजपेक्षा त्याला त्याची जास्त गरज आहे.

दुसरं, "आय विल ट्राय माय बेस्ट" अजिबात लिहू नकोस. आपल्याकडे ऐकणाऱ्याला कळतं की ही बाई येत नाहीये. त्याला वाटेल तू खरंच प्रयत्न करतेयस, आणि तो पुढच्या कॉलवर विचारणार की मग तिकीट मिळालं का.

तिसरं, "रिग्रेट टु इन्फॉर्म" हे नोकरीच्या अर्जाला नकार आल्यासारखं वाटतं. आणि "सम पर्सनल रीझन्स" म्हटलं की इकडच्या माणसाला उगाच शंका येते की काही बिनसलंय का, विशेषतः तू त्याच्याबरोबर काम करतेस म्हणून. साधं खरं कारण एका ओळीत दे, फॅमिली सेरेमनी आहे आणि तारीख हलवता येत नाही, बस. श्राद्ध म्हणजे काय हे समजावत बसू नकोस, तो शहाणा मुलगा असेल तर सईला विचारेल.

माफी एकदाच. आपण इंग्लिशमध्ये तीन तीनदा सॉरी म्हणतो, मग त्यालाच तुझी समजूत काढत बसावं लागतं.

---

पावसाळी_चप्पल

हे भारी आहे. म्हणजे बासला कारण लेखी सांगायचं आणि काकांना लेखी सांगायचं नाही, बरोबर उलटं करत होते मी.

ही दोन्ही परत लिहिलीत, बघा जरा. काकांचा हा फोननंतर जाईल:

"तीर्थरूप काका-काकूंना सा. नमस्कार.
काल फोनवर बोललोच, तरी लिहून ठेवते. सईच्या लग्नाला आम्हा दोघांना येता येत नाही. सासरी त्याच दिवशी घरचं कार्य आहे आणि मला घर सोडता येणार नाही. तुम्ही दोघं एवढ्या प्रवासाची दगदग करून स्वतः अक्षत घेऊन आलात, त्यामुळे फार चुटपुट लागली आहे. यादीतून आमची दोन पानं आणि खोली धरली असेल तर तीही कमी करावी.
सईला मुहूर्ताच्या वेळी मी इथून अक्षता टाकेन. लग्नानंतर जोडीनं आमच्याकडे जेवायला यायचं आहे, तो वार मी सईशी बोलून ठरवते. काकू, रुखवताचे फोटो मला नक्की पाठवा.
सई आणि बास यांना आम्हा दोघांच्या मनापासून शुभेच्छा."

---

शुद्धलेखन_शिपाई

तीर्थरूप आईवडिलांना. इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. बाकी ठीक आहे.

---

वाढपी

शिपाईबुवा, ते तिला लेक मानतात, राहू दे की तीर्थरूप.

खोलीचं लिहिलंत ते उत्तम. "धरली असेल तर" असं लिहिलंय म्हणून मागितल्यासारखंही वाटत नाही.

---

ओसरीवरून

छान झालंय. एकच बदल करा. "येता येत नाही" हे वाक्य दुसऱ्याच ओळीत येतंय, ते एक ओळ खाली घ्या. आधी ते अक्षत घेऊन आले त्याचं, मग येता येत नाही. लग्नघरच्या माणसानं उघडताच आधी आपुलकी दिसावी. पण खाली घ्यायचं म्हणजे तळाशी नाही हं, काही जण चार परिच्छेद आशीर्वाद देऊन शेवटी ता. क. मध्ये येत नाही म्हणतात, ते घाईत कोणी वाचतच नाही.

रुखवताचे फोटो मागितलेत हे मला फार आवडलं. काकूंनी महिनाभर खपून केलेलं असतं ते.

---

पावसाळी_चप्पल

केला बदल. तीर्थस्वरूपही केलं, शिपायांचा धाक आहे. आणि हे बासचं:

```
Hi Bas,
Thank you for inviting us to the wedding. I'm sorry
we can't be there: we have a family ceremony at home
that Sunday and the date can't be moved. I've marked
"no" on the invite so your numbers are right.
I'd love to have you and Sai over for dinner in Pune
before you fly back. Have a wonderful day, and let Sai's
uncles teach you to dance.
```

शेवटची ओळ आगाऊ वाटतेय का?

---

सायकलवाली

नाही, तीच ठेव. बाकी सगळं व्यवस्थित आहे, तू "काइंडली" कुठेच घातलं नाहीस हे बघून डोळे पाणावले :D

फक्त "us" लिहिलंयस, त्याच्या यादीत तुझ्या नवऱ्याचं नाव आहे का ते बघ. तिकडच्या पत्रिकेत ज्याचं नाव त्यालाच बोलावणं असतं. आपल्या पत्रिकेत सहकुटुंब सहपरिवार असतं म्हणून आपल्याला ते सुचत नाही.

---

पावसाळी_चप्पल

बघितलं, आहे दोघांचं नाव. सईने भरलं असणार.

---

हलगीवाला

आहेराचं काय करताय? येत नाही म्हटल्यावर काहीतरी पाठवायला हवं. मी तर सरळ एक हजार एक यूपीआय करतो आणि खाली शुभेच्छा लिहितो.

---

वाढपी

पत्रिकेवर "आहेर आणू नये" छापलंय का ते आधी बघा. छापलेलं असताना पैसे पाठवले की काकांना ते परत पाठवावे लागतात, आणि कार्यालयातल्या गडबडीत कोणाच्या खात्यावर कोणाचे आले याचा घोळ वेगळाच.

---

पावसाळी_चप्पल

छापलंय, "आपली उपस्थिती हाच आहेर". म्हणजे मी तोही देत नाहीये :(

---

ओसरीवरून

मग आत्ता काहीच पाठवू नका. जेवायला येतील तेव्हा सईची ओटी भरा, साडी द्या, बासला काहीतरी सामानात मावेल असं द्या. आणि तोवर वर्ष पूर्ण झालेलं असेल, कोणाची हरकत उरणार नाही.

---

हलगीवाला

मला अजूनही वाटतं मुहूर्ताच्या दिवशी काहीतरी पोचायला हवं. निदान फुलं तरी. नंतर दिलेलं ते नंतरचं.

---

सायकलवाली

फुलं कार्यालयात पाठवली तर ती घेणार कोण? त्या दिवशी तिथे प्रत्येक जण दुसऱ्या कोणाला तरी शोधत असतो.

---

पावसाळी_चप्पल

अपडेट. फोन झाला. आधी काकूंना केला, त्या म्हणाल्या "मला वाटलंच होतं गं, मार्गशीर्षातच गेल्या ना त्या". मग काकांना दिला. पहिला आग्रह झाला, दुसराही झाला, मग मी अक्षतांचं आणि व्हिडिओचं म्हटलं तर म्हणाले "व्हिडिओचं काम मी पुतण्याला लावतो, पण तू फोन चार्ज करून बस". मेसेज पाठवला, बासचं बटण दाबलं, त्याने लगेच थम्स अप टाकून विचारलं की कोणता अंकल नाचायला सगळ्यात चांगला आहे.

केळवणाचं सईला विचारलंय, ती आईला विचारून सांगते म्हणालीये.

---

ओसरीवरून

घ्या, म्हणजे शेवटी प्रश्न काकूंकडेच गेला.

---

चिंचगुळ

पावसाळी, तुझं झालं ते छान झालं, पण आता माझं सांगा ना कोणीतरी. त्या चुलतभावाच्या मुलीचं बारसं आहे आणि यावेळी बोलावणं आलंय. मला जायचं नाहीये आणि माझ्याकडे श्राद्ध वगैरे काही नाही, तर मी काय लिहू?